भाऊ म्हणतो, "बारा आठवडे नीट जेवतो आणि गोळ्या बंद करतो" – आहार आणि नैराश्याबद्दल नक्की काय ठाऊक आहे?

रानजाई

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी, वाकडला मित्राबरोबर भाड्याची खोली. मे महिन्यात त्याला नैराश्याचं निदान झालं. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम सुरू केली, त्याला आता अडीच महिने होतील. बरा आहे असं म्हणवत नाही, पण उतार आहे. ऑफिसला जातो. शनिवार-रविवार मात्र अंथरुणातून उठत नाही.

गेल्या आठवड्यात त्याला कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलं की ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, १२ आठवडे योग्य आहार घेतला की एक तृतीयांश रुग्ण नैराश्यातून बाहेर येतात. खाली ठळक अक्षरांत "गोळ्यांची गरज नाही". आता साहेबांनी ठरवलंय की गोळ्या बंद करायच्या आणि आहार सुधारायचा. आई खूश आहे, कारण तिला गोळ्या पहिल्यापासूनच पसंत नव्हत्या.

असा अभ्यास खरंच झालाय का? आणि त्याच्या सध्याच्या खाण्यात काही बदललं तर मनःस्थितीत खरोखर फरक पडेल का, की ही नुसती आशा? त्याचा दिवस असा: सकाळी चहा आणि चारपाच बिस्किटं, त्यावर थेट ऑफिस. दुपारी कँटीनमध्ये वडापाव किंवा सँडविच. चार वाजता चहा-खारी. रात्री मेसचा डबा, त्यातल्या दोन पोळ्या खातो, भाजी बटाट्याची असेल तर खातो, नाहीतर तशीच. अकरा-साडेअकराला परत भूक लागते, मग ऑनलाइन काहीतरी नाहीतर मॅगी. चहा दिवसाला पाचसहा कप. अंडी खातो, मासे-मटण नाही.

निसर्गोपासक

ताई, अगदी योग्य विषय. पोट हाच आपला दुसरा मेंदू आहे. शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, आणि या गोळ्या सेरोटोनिनच वाढवतात. मग जे पोटात बनतंय ते पोटातूनच वाढवायचं सोडून रसायनं कशाला? रोज दोन केळी, घरचं दही, मैदा-साखर पूर्ण बंद. तीन आठवड्यांत फरक दिसेल.

अण्णा_साताऱ्याचे

आमच्या वेळी हे डिप्रेशन वगैरे नव्हतं. सकाळी भाकरी-पिठलं खाऊन शेतावर जायचो, रात्री आडवं झालं की झोप. मुलाला गावाकडे पाठवा दोन महिने.

कोपऱ्यातली_खिडकी

अण्णा, होतं. आमच्या आजीच्या धाकट्या जावेला "बाहेरचं" आहे म्हणायचे. ती सहा-सहा महिने चुलीपुढे बसून राहायची आणि तीही भाकरीच खायची.

रानजाई, सविस्तर नंतर लिहिते. एकच सांगते, गोळ्या एकदम बंद करू देऊ नकोस. मी केल्या होत्या. चौथ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, आणि चिडचिड इतकी की नवऱ्याने मुलीला माहेरी नेऊन ठेवलं. तो आजार परत आला नव्हता, गोळी अचानक तोडल्याचा परिणाम होता, पण मला तेव्हा ते कुठे कळत होतं.

झपाटा

१६:८ करायला सांगा. सकाळचं खाणं बंद, दुपारी १२ ते रात्री ८ एवढंच खायचं. माझं चार महिन्यांत नऊ किलो उतरलं, मूड एकदम झकास. वजन उतरलं की डिप्रेशन आपोआप उतरतं.

मेथीची_जुडी

झपाटा, प्रश्न वजनाचा नाही हो. त्या भावाचं वजन किती आहे हे ताईंनी लिहिलेलंही नाही. आणि तो सकाळी चारपाच बिस्किटं सोडली तर उपाशीच राहतो आहे, फक्त त्याला १६:८ हे नाव दिलेलं नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे, मानसोपचार विभागातून माझ्याकडे रुग्ण पाठवले जातात, त्यामुळे हा फॉरवर्ड दर महिन्याला कुणीतरी दाखवतंच. अभ्यास खरा आहे. त्याचं नाव स्माइल्स, फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलबर्न-जिलाँग भागात केला आणि २०१७ च्या जानेवारीत बीएमसी मेडिसिनमध्ये छापून आला. मात्र "गोळ्यांची गरज नाही" हे वाक्य त्यात कुठेही नाही. उलट भाग घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण आधीपासून गोळ्या किंवा समुपदेशन किंवा दोन्ही घेत होते आणि ते तसंच चालू ठेवून वर आहाराची भर घातली होती. म्हणजे तुमच्या भावाने जो अर्थ काढलाय तो बरोबर उलटा आहे. त्याला हे एवढंच वाक्य वाचून दाखवा.

आहारात काय होतं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं काहीतरी विशेष पावडर असेल. अख्खी धान्यं, भरपूर भाज्या, रोज तीन फळं, आठवड्यातून तीनचार वेळा कडधान्यं, रोज मूठभर बिनमिठाचा सुकामेवा, आठवड्यात निदान दोनदा मासे, थोडं कमी चरबीचं मांस, अंडी, बिनसाखरेचं दूध-दही आणि रोज तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल. गोड, तळलेलं, प्रक्रिया केलेलं मांस, शीतपेयं हे सगळं मिळून आठवड्यातून तीनदापेक्षा जास्त नाही. कॅलरी मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. पोटभर खायचं होतं, आणि १२ आठवड्यांनंतर वजनात म्हणावा असा फरक नव्हता. झपाटा, हे तुमच्यासाठी. तिथे मनःस्थिती सुधारली ती वजन न उतरता.

दशांश

मेथीताईंनी आहार सांगितला, मी आकडे सांगतो. माझं काम औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचं, त्यामुळे हा शोधनिबंध मी जरा तिरक्या नजरेने वाचलाय.

एकूण माणसं ६७. त्यातली ३३ आहार गटात, ३४ दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटाला नुसतं सोडून दिलेलं नव्हतं. त्यांना तेवढ्याच वेळा, तेवढाच वेळ एक प्रशिक्षित माणूस भेटायचा. खेळ, बातम्या, गाणी असल्या विषयांवर गप्पा, नाहीतर पत्ते. उपचाराचं काहीही बोलायचं नाही. दोन्ही गटांच्या सात-सात भेटी, पहिल्या चार दर आठवड्याला, पुढच्या तीन पंधरवड्याने. हे मला आवडलं. कारण आजारी माणसाकडे कुणी आठवड्याला तासभर लक्ष दिलं तरी त्याला बरं वाटतं, आणि तेवढा भाग वजा करायलाच हवा.

शेवटी आहार गटातल्या ३१ जणांपैकी १० जणांचे नैराश्याचे गुण इतके खाली आले की त्यांना आजारातून बाहेर आले म्हणता येईल. गप्पांच्या गटात २५ पैकी २. टक्क्यांत ३२ आणि ८. फॉरवर्डमधला एक तृतीयांश म्हणजे हे दहा जण. बाकीचे एकवीस बाहेर आले नाहीत, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

आता माझ्या शंका. पहिली, ठरवलं होतं १७६ माणसं घ्यायचं. तीन वर्षं खटपट करून ६७ मिळाली. माणसं कमी असली की निकाल योगायोगाने फुगू शकतो, आणि इथला परिणाम खूपच मोठा आहे, नैराश्याच्या गोळ्यांच्या चाचण्यांत सहसा दिसतो त्याच्या कित्येक पट. इतकं मोठं काही दिसलं की मी खूश होत नाही, सावध होतो. दुसरी, ३३ पैकी ३१ टिकले, पण ३४ पैकी २५ च. गप्पा मारायला बोलावलेल्यांपैकी नऊ जण सोडून गेले. तिसरी सगळ्यांत मोठी. आहार बदलतोय की नाही हे माणसाला माहीत असतंच. साखरेची खोटी गोळी बनवता येते, खोटी मेथीची भाजी बनवता येत नाही. आहाराच्या अभ्यासात नाव नोंदवून जो येतो तो आहारावर विश्वास असलेलाच असणार. त्याच्या वाट्याला पत्ते आले की तो हिरमुसणार. गुण देणाऱ्या तपासनिसांना कोण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

निसर्गोपासक

म्हणजे तुम्हाला मान्यच करायचं नाही. औषध कंपन्यांच्या चाचण्यांना हे निकष लावता का?

दशांश

रोज तेच तर करतो. पोट भरतं त्यावरच.

आणि तुमच्या सेरोटोनिनबद्दल. ९० टक्के आतड्यात बनतं हे खरं आहे. पण ते आतड्याच्याच हालचालीसाठी वापरलं जातं, रक्तातून मेंदूत शिरत नाही, मध्ये अडसर आहे. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. केळ्यात सेरोटोनिन आहे म्हणून केळं खाऊन मेंदूतलं वाढत नाही. केळं खायला माझी हरकत नाही, कारण फक्त चुकीचं आहे.

निसर्गोपासक

बरं, ते सेरोटोनिनचं मागे घेतो. पण आतड्यातल्या जिवाणूंचा मेंदूशी संबंध आहे हे तर आता सगळेच म्हणतात. दह्याचं तरी खरं मानाल?

मेथीची_जुडी

संबंध आहे, पण "हे जिवाणू वाढवा, उदासी जाईल" असं म्हणण्याइतकं माणसांत दिसलेलं नाही. बरंचसं काम उंदरांवरचं आहे. मी रुग्णांना दही-ताक सांगते ते प्रथिनांसाठी आणि दुपारी पोटाला आधार म्हणून.

कोपऱ्यातली_खिडकी

सविस्तर लिहिते म्हटलं होतं.

सात वर्षांपूर्वी, मुलगी वर्षाची असताना, मी दीड वर्ष या आजारात काढलं. तेव्हा मला जो भेटेल तो सांगायचा, नीट जेवत जा, बदाम खा, डिंकाचे लाडू खा. कुणाच्या लक्षात येत नव्हतं की मी जेवत नाही म्हणून उदास नाहीये, उदास आहे म्हणून जेवत नाहीये. भाजी चिरायला घ्यायची म्हणजे डोंगर वाटायचा. कांदा हातात घेऊन मी वीस-वीस मिनिटं ओट्याशी उभी असायची. बिस्किटाचा पुडा फोडायला काही लागत नाही, म्हणून मी बिस्किटं खायची. आणि मग सासूबाई पुडे मोजायच्या.

म्हणून या आहार-आहार बोलण्याची मला धास्तीच बसलीय. आजारी माणसाला वाटायला लागतं की आपणच नीट खाल्लं नाही म्हणून हे झालं. आजारपण वर आणि गुन्हाही आपलाच.

दशांश, मला एक सांगा. जे म्हणतात की चांगलं खाणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी दिसतं, ते असं उलटं नसेल कशावरून?

दशांश

हाच सगळ्यांत अवघड प्रश्न आहे आणि तुम्ही तो कांद्यासकट मांडलात.

अंशतः उलटं असणारच. जॅकांचाच २०१० चा अभ्यास घ्या, जिलाँग भागातल्या १,०४६ बायकांचा. भाज्या, फळं, मांस, मासे, अख्खी धान्यं असं जुन्या वळणाचं खाणाऱ्यांत नैराश्य आणि चिंतेचे आजार कमी सापडले. पण आहार आणि आजार दोन्ही एकाच वेळी विचारलेले. आधी काय झालं ते त्यातून कळत नाही. पुढे लोकांनी निरोगी माणसं घेऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हाही चांगलं खाणाऱ्यांना नंतर नैराश्य येण्याचं प्रमाण काहीसं कमी दिसलं. म्हणजे सगळंच उलटं नाही. पण चांगलं खाणारा माणूस सहसा बऱ्या पगाराचा असतो, झोपतो, चालतो, त्याच्या घरी स्वयंपाक करणारं कुणीतरी असतं. हे सगळं गणितातून वजा केलं म्हणतात, पूर्ण वजा होत नाही.

म्हणून तर स्माइल्ससारख्या चाचण्या लागतात, जिथे चिठ्ठी टाकून गट ठरतो. २०१९ मध्ये अशा १६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, मिळून जवळपास ४६ हजार माणसं. नैराश्याची लक्षणं कमी झाली, पण थोडीशीच. स्माइल्सच्या तुलनेत बरीच कमी. आणि १६ पैकी १५ चाचण्यांतल्या लोकांना मुळात निदान झालेलं नैराश्य नव्हतंच. चिंतेवर तर एकत्रित परिणाम दिसलाच नाही.

झपाटा

म्हणजे एवढं सगळं वाचून निष्कर्ष शून्य?

दशांश

शून्य नाही, थोडासा. तुम्हाला शून्य किंवा नऊ किलो यांच्या मधलं काही चालत नाही का?

मेथीची_जुडी

(दशांश, हसले.)

खिडकीताई, तुमचं कांद्याचं वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी द्या. आजारी माणसाच्या आहाराची आखणी त्या कांद्यापासूनच करावी लागते. स्माइल्समध्येही नुसता तक्ता हातात दिला नव्हता. पहिल्याच भेटीत खाण्याच्या वस्तूंची टोपली घरी दिली होती, पाककृती होत्या, आणि आहारतज्ज्ञ सात वेळा भेटत होती. लोक ऑलिव्ह तेल तेवढं लक्षात ठेवतात, टोपली विसरतात.

रानजाई, आता तुमच्या भावाचं बघू. मी त्याला तपासलेलं नाही, तेव्हा हे अंदाजाने.

पहिले दोन आठवडे काहीही बंद करायचं नाही. बिस्किटं नाहीत, वडापाव नाही, मॅगीही नाही. बंद करायला सांगितलं की पहिल्या चुकीला "मला हेही जमत नाही" सुरू होतं. फक्त भर घालायची, आणि तीही न चिरता, न शिजवता होईल अशी. सकाळच्या चहाबरोबर एक केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. ऑफिसच्या खणात फुटाण्याची पिशवी, चारच्या खारीच्या आधी मूठभर. एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात इलेक्ट्रिक किटली. खोलीवर राहणाऱ्या मुलांकडे ती असतेच. तिच्यात दोन अंडी बुडतील एवढं पाणी घालून उकळायचं, किटली बंद झाली की दहा मिनिटं झाकून ठेवायचं, पुन्हा एकदा उकळी. झाली अंडी. रात्री अकराची भूक ही बहुतेक वेळा संध्याकाळी प्रथिनं न मिळाल्याची असते, सातला अंडी पोटात गेली की ती कमी होते. झाली नाही तर अकराला दूध आणि अजून एक केळं, मॅगी दुसरा पर्याय म्हणून राहू दे.

मेसवाल्या काकूंशी बोलायचं काम मात्र तुम्ही करा, त्याच्यावर टाकू नका. आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी मटकी, चवळी किंवा छोल्यांची उसळ मिळेल का एवढंच विचारा. जमलं तर एक पोळी कमी आणि ज्वारीची भाकरी. काकड्या, गाजरं धुऊन तशीच खाता येतात, कोशिंबिरीचा हट्ट नको.

चहा पाचसहा कप म्हणजे साखरेपेक्षा मला झोपेची काळजी जास्त. पाचनंतरचा चहा हळूहळू काढायचा. चिंतेचा त्रास असलेल्यांना कॅफिनने धडधड, हात थरथरणं होतं आणि ते चिंतेसारखंच वाटतं. ज्यांना पॅनिकचे झटके येतात अशा लोकांना पाचेक कप कॉफीइतकं कॅफिन एकदम दिलं तर जवळपास निम्म्यांना झटका येतो, हे चाचण्यांत दिसलंय. चिंतेच्या बाबतीत आहारातली एखादी गोष्ट मी ठामपणे सांगत असेन तर ती ही.

यारा_काठची

मेलबर्नहून. मी या संशोधनाशी संबंधित वगैरे नाही, नुसती इथे राहते, पण खर्चाचं सांगायचं होतं. त्याच अभ्यासातल्या काही लोकांच्या खाण्याचा खर्च काढला तेव्हा आधीच्या खाण्याला आठवड्याला सुमारे १३८ डॉलर लागत होते आणि सुचवलेल्या आहाराला सुमारे ११२. म्हणजे चांगलं खाणं महाग हा समज तिथे तरी खोटा ठरला, कारण बाहेरचं खाणं आणि पॅकबंद वस्तू कमी झाल्या. अर्थात आपल्याकडे वाण्याकडे साधं तेल मिळतं तसं इथे ऑलिव्ह तेल मिळतं. भारतात तेवढ्यासाठी पैसे घालवू नका असं मला वाटतं.

रानजाई

बापरे, इतकं सगळं! सगळ्यांचे आभार. मेथीताई, ऑलिव्ह तेल लागेलच का? आणि मासे खात नाही तो, मग ओमेगा-३ च्या गोळ्या देऊ का? आई विचारतेय मल्टिव्हिटॅमिनचं.

मेथीची_जुडी

तेल जे घरात आहे ते चालू दे. शेंगदाणा तेलाचं, भाकरीचं, मटकीचं स्माइल्स झालेलं नाही, तेव्हा आपला आहार "तसाच" काम करेल असं मी म्हणणार नाही. मी फक्त त्या ताटातलं तत्त्व उचलते, की डाळी-भाज्या-फळं-अख्खं धान्य वाढावं आणि पुड्यातलं कमी व्हावं.

दशांश

ओमेगा-३ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचं मी सांगतो, कारण तिथे उत्तर बरंच स्पष्ट आहे. युरोपात मूडफूड नावाची चाचणी झाली, चार देशांत, १,०२५ जाड आणि थोडी उदास पण नैराश्याचं निदान नसलेली माणसं. ओमेगा-३, फॉलिक ॲसिड, सेलेनियम, ड जीवनसत्त्व असं एकत्र वर्षभर दिलं. खोट्या गोळीच्या तुलनेत नैराश्य काही जास्त टळलं नाही. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त लोकांना पाचेक वर्षं ड जीवनसत्त्व दिलं, तिथेही काही नाही. म्हणजे शरीरात कमतरता नसताना मूडसाठी डब्यातल्या गोळ्या खाणं हे पैसे पाण्यात.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की मूडफूडमध्ये काही गटांना खाण्याच्या सवयींवर समुपदेशनही दिलं होतं, आणि त्यानेही नैराश्य टळलं नाही. मेथीताईंना हे आवडणार नाही.

मेथीची_जुडी

माहीत आहे हो. ते निदान नसलेल्या लोकांत आजार टाळण्याबद्दल होतं, स्माइल्स आजारी आणि फार वाईट खाणाऱ्या लोकांबद्दल. स्माइल्समध्ये प्रवेशच खराब आहार असणाऱ्यांना होता. आधीच डाळ-भाजी-फळं खाणाऱ्याला माझ्याकडून फारसं काही मिळणार नाही, हे मी मान्य करते. या भावाचं ताट मात्र स्माइल्समधल्या लोकांसारखं आहे.

पण "कमतरता नसताना" हे शब्द रानजाईंनी अधोरेखित करावेत. ब-१२ तपासलंय का?

अण्णा_साताऱ्याचे

आमच्या सुनेचं ब-१२ कमी निघालं होतं. हातपायाला मुंग्या आणि सारखी रडायची. इंजेक्शनं घेतली, बरी झाली. पण ती तर रोज दूध पिते.

मेथीची_जुडी

अण्णा, हा प्रतिसाद पहिल्यापेक्षा पुष्कळ उपयोगाचा. पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. ६७ टक्क्यांत ब-१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या घरांत. कपभर दुधाने रोजची गरज भागत नाही आणि चहातल्या दुधातून तर फारच थोडं मिळतं.

कमतरतेने थकवा, उदासी, विसराळूपणा येतो आणि तो नैराश्यासारखा दिसतो, किंवा नैराश्याच्या बरोबरीने असतो. रक्त द्यायच्या आधी ब-१२ ची गोळी सुरू करू नका, नाहीतर रिपोर्ट छान दिसेल आणि काहीच कळणार नाही. त्याच सुईत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. हे आधीच झालं असेल तर डॉक्टरांकडे रिपोर्ट असतील, विचारा.

अवांतर, श्रावण जवळ आलाय म्हणून. धाग्यावर कुणी मनाच्या आजारासाठी लिथियमच्या गोळ्या घेत असेल तर मिठाचा उपास, निर्जळी एकादशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मीठ-पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं आणि ते धोक्याचं असतं.

कोपऱ्यातली_खिडकी

आणि रानजाई, शनिवार-रविवार तो खोलीवर एकटा असतो का? जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही बोलला तर आहार-बिहार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठ. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

रानजाई

सात आठवड्यांनी परत आले, राग मानू नका.

"भाग घेणारे गोळ्या घेतच होते" हे मेथीताईंचं वाक्य त्याला वाचून दाखवलं. गप्प बसला, मग म्हणाला, "मग फॉरवर्ड करणाऱ्याने हे का नाही लिहिलं?" गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी उलट डोस थोडा वाढवला. रक्त तपासलं, थायरॉइड ठीक, ब-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली.

खाण्याचं: केळं-शेंगदाणे जमले, पहिल्या दिवसापासून. किटलीतली अंडी जमली, पण एकदा फुटून किटलीला वास लागला आणि खोलीतला मित्र भडकला, आता नवीन किटली आणलीय. फुटाणे ऑफिसातले सगळे मिळून संपवतात. मेसच्या काकू आधी फुरंगटल्या, मग आठवड्यातून दोनदा उसळ द्यायला तयार झाल्या. भाकरीला नाही म्हणाल्या, चाळीस डब्यांना भाकऱ्या कोण थापणार. रात्रीचं ऑनलाइन आठवड्याला पाचवरून दोनवर आलं. चहा जैसे थे.

डॉक्टर दर वेळी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतात. मेमध्ये १९ गुण होते, धागा काढला तेव्हा १४, आता ८. गेल्या रविवारी तो आपणहून उठून केस कापून आला. आई म्हणते शेंगदाण्यांनी झालं.

दशांश

आनंद झाला, मनापासून. पण डोस वाढला, ब-१२ ची इंजेक्शनं झाली, खाणं बदललं, बहीण दर आठवड्याला फोन करून विचारतेय, आणि मधे सात आठवडे गेले. सहा गुण कुणाच्या खात्यावर टाकायचे ते मला विचारू नका.

निसर्गोपासक

शेंगदाण्यांच्या.

कोपऱ्यातली_खिडकी

मला तर बहिणीच्या फोनच्या वाटतात. पण मी पक्षपाती आहे.

मेथीची_जुडी

ब-१२ पुन्हा केव्हा तपासायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा, इंजेक्शनं संपली की लोक विसरतात. आणि काकूंना विचारा, भाकरी नको, पण उसळीचा तिसरा वार कुठला जमेल?

रानजाई

विचारलं. म्हणाल्या गुरुवारी चालेल, पण मटकी भिजवायला आदल्या दिवशी आठवण करायची.